तीन हजार कार्षापणांचा लेख

पुण्याच्या पेशवे दरबारात चार्ल्स मॅलेट इंग्रजांचा रेसिडेंट होता, तेव्हाची म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरची गोष्ट. वेरूळच्या आणि पश्चिम भारतातल्या इतर लेण्यांच्या भिंतींवर कुणालाच लागत नाहीत अशी अक्षरे कोरलेली होती. मॅलेटने त्यांच्या नकला मिळवल्या आणि कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडे धाडल्या. तिथून त्या काशीला राहणाऱ्या फ्रान्सिस विल्फर्ड या लष्करी अधिकाऱ्याच्या हाती पडल्या. विल्फर्डला संस्कृतची आवड होती, पंडितांशी बैठक होती आणि उत्साह तर दांडगा होता. लिपी मात्र त्यालाही येत नव्हती आणि त्याच्या पंडितांनाही येत नव्हती.

मग एक विद्वान भेटला. आपल्याजवळ प्राचीन लिप्यांची किल्ली असलेले एक संस्कृत पुस्तक आहे, असे त्याने सांगितले. त्या किल्लीने नकला भराभर उलगडल्या. वनवासात हिंडणाऱ्या पांडवांना लोकांशी बोलायची बंदी होती, म्हणून विदुर आणि व्यास त्यांच्यासाठी खडकांवर सांकेतिक अक्षरांत निरोप कोरून ठेवत आणि हे लेख म्हणजे तेच निरोप, असा अर्थ निघाला. विल्फर्डने तो पूर्ण विश्वासाने सोसायटीला कळवला आणि ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पाचव्या खंडात तो छापूनही आला.

यातले एक अक्षरही खरे नव्हते. किल्लीचे पुस्तक बनावट होते.

या प्रसंगाकडे नुसती फसवणूक म्हणून पाहिले तर त्यातली गंमत निसटते. त्या पंडिताने पांडवच का निवडले? कारण लेण्यांना लोक पांडवांचीच म्हणत होते. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरातल्या लेण्यांना आजही पांडवलेणीच म्हणतात. ऐकणाऱ्याला जे आधीपासून ठाऊक होते तेच दगडाच्या तोंडी घातले गेले, म्हणून ते सहज पटले. भाषांतर वाचायला सुरेख होते, कथेला धरून होते आणि त्यात कुठेही अडखळायला होत नव्हते. प्रस्तुत वक्त्याच्या मते संशय यायला एवढे पुरेसे होते. झिजलेल्या दगडावरून आलेला मजकूर इतका गुळगुळीत कधीच नसतो.

आता कागदावरच्या नकलेची जागा मोबाइलमधल्या छायाचित्राने घेतली आहे. गडावर, मंदिराच्या ओट्याशी किंवा शेताच्या बांधावर कुणाला तरी कोरीव अक्षरे दिसतात, फोटो निघतो आणि तो ओळखीतल्या संस्कृत शिकवणाऱ्या गुरुजींकडे किंवा एखाद्या अनुवादकाकडे जातो. सोबत विचारणा एकच असते: ‘याचा अर्थ सांगा.’ या विचारणेत एक पायरी गाळलेली असते. अर्थ लागतो तो मजकुराचा, आणि छायाचित्र म्हणजे मजकूर नव्हे. दगडावरच्या खुणांमधून अक्षरे ठरवायची, अक्षरांमधून शब्द तोडायचे, संशयाच्या जागा नोंदवायच्या, आणि एवढे झाल्यावर जे हाती येते त्याला मजकूर म्हणायचे. हे काम पुराभिलेखज्ञाचे, म्हणजे कोरीव लेख वाचणाऱ्या तज्ज्ञाचे. अनुवादकाचे काम त्यानंतर सुरू होते. हे का, ते एका खऱ्या लेखावरून पाहिलेले बरे. आणि त्यासाठी नाशिकच्या लेण्यांहून चांगले ठिकाण नाही.

पांडवलेण्यांमधले दहावे लेणे नहपानाच्या नावाने ओळखले जाते. नहपान हा क्षहरात वंशातला क्षत्रप. त्याचा जावई, दीनीकाचा मुलगा उषवदात, याने हे लेणे भिक्षुसंघाला दिले. मिराशींसारखे अभ्यासक त्याला ऋषभदत्त म्हणतात. या लेण्यात त्याचे एकाहून अधिक लेख आहेत. त्यातला एक पैशाच्या व्यवहाराचा आहे, आणि आज त्याच्याबद्दलच बोलायचे आहे. लिपी ब्राह्मी आहे आणि भाषा प्राकृत, पण तिच्यात संस्कृतची सरमिसळ आहे. एकाच ओळीत शुद्ध संस्कृत रूप आणि शेजारी बोलीतले रूप सुखाने नांदतात. नुसते संस्कृत येणाऱ्याला यात पावलोपावली चुका दिसतील आणि त्या सुधाराव्याशा वाटतील. तसे करणे म्हणजे लेख खोडून स्वतःचा लेख लिहिणे होय.

लेखाचा गोषवारा असा. ४२ व्या वर्षी, वैशाखात, उषवदाताने हे लेणे चारी दिशांच्या भिक्षुसंघाला अर्पण केले. त्याबरोबर ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून दिले. ही रक्कम गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे गुंतवली: एका श्रेणीकडे २०००, शेकडा एक पडिक व्याजाने, आणि दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण पडिक व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे. हजाराचे व्याज ‘कुशणमूला’साठी. शिवाय कापुराहारातल्या चिखलपद्र गावात नारळाची ८००० झाडे दिली. हे सगळे निगमसभेत वाचून दाखवले आणि फलकावर नोंदवले.

दोन हजार वर्षांपूर्वीची ही मुदत ठेव वाचून कुणालाही मौज वाटेल. पण हा सरळ दिसणारा गोषवारा ज्या अक्षरांवर उभा आहे ती दगडावर कशी आहेत, ते आधी पाहायला हवे.

पहिली अडचण खडकाची. सह्याद्रीतली लेणी ज्या काळ्या बेसाल्टमध्ये खोदली आहेत तो थंड होत असताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले होते. त्यांच्या जागी बारीक खळगे राहिले. ब्राह्मीत अनुस्वार म्हणजे अक्षराशेजारी छिन्नीने केलेले एक टिंब. खळगाही तसाच दिसतो. जुन्या ब्राह्मीत ‘ठ’ म्हणजे नुसते वर्तुळ, आणि त्याच वर्तुळात टिंब पडले की ‘थ’. दगडाचा एक बुडबुडा नेमका त्या जागी असला तर अक्षर बदलते, अक्षर बदलले की शब्द बदलतो. छिन्नीचा खळगा आणि निसर्गाचा खळगा यांच्या कडा वेगळ्या असतात. खोली आणि तळही वेगळे असतात. जागेवर उभ्या असलेल्या वाचकाला ते बोटाने चाचपून कळते. छायाचित्रात दोन्ही काळे ठिपकेच दिसतात.

दुसरी अडचण उजेडाची, आणि ती छायाचित्राला थेट भिडते. कोरलेले अक्षर स्वतः काळे नसते. त्याच्या खाचेत पडलेली सावली आपल्याला दिसते. समोरून फ्लॅश मारला की सावलीच उरत नाही आणि उथळ रेघा नाहीशा होतात. उजेड एका बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ घासून आला तर रेघा उठून दिसतात. पण ज्या रेघा उजेडाच्या दिशेला समांतर असतात त्या तेव्हाही हरवतात. डावीकडून प्रकाश घेतलेल्या फोटोत उभ्या रेघा ठळक येतात आणि आडव्या पुसट होतात. म्हणून एकच छायाचित्र, ते कितीही स्पष्ट असो, अर्धी साक्ष देते. त्यात डोळ्यांची एक खोड अशी की उजेड वरूनच येतो असे आपण गृहीत धरतो. उजेड खालून आला असेल तर खोदलेली अक्षरे उठावाची दिसू लागतात आणि खाचेची कुठली कड खरी, हेच कळेनासे होते.

या अडचणीवर जुना उपाय आहे ठशाचा. दगड स्वच्छ करून त्यावर ओला कागद पसरायचा, ब्रशने ठोकत ठोकत तो खाचांमध्ये बसवायचा, अर्धवट वाळला की शाईच्या गादीने वरून हलके थापायचे. उंच भाग काळा होतो आणि खाचा पांढऱ्या राहतात. ठशात उजेडाची लबाडी नसते आणि अक्षर मूळ आकारात मिळते. नव्या उपायात कॅमेरा एका जागी पक्का करून दिवा निरनिराळ्या कोनांतून फिरवत अनेक छायाचित्रे घेतात आणि संगणकावर ती एकत्र करतात. मग पडद्यावर हवा तिकडून उजेड टाकता येतो. ही पद्धत टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडली. या दोन्ही पद्धतींचा उपयोग मात्र वाचता येणाऱ्यालाच. उजेड कुठल्या रेघेसाठी कुठून हवा, हे अक्षरे ओळखणाराच ठरवू शकतो.

याहून वाईट प्रकार खडूचा. फोटो छान यावा म्हणून लोक अक्षरांत खडू किंवा रंग भरतात. भरणाऱ्याला लिपी येत नसते, त्यामुळे तो त्याला दिसतील त्या रेघा भरतो: एखादी चीर भरली जाते, एखादी खरी पण उथळ रेघ सुटते. मग त्या छायाचित्रावर जे पाहिले जाते ते दगडाचे नसून खडूवाल्याच्या तर्काचे असते. एकोणिसाव्या शतकात डोळ्यांनी पाहून काढलेल्या हातनकलांचे हेच दुखणे होते. नाशिकच्या लेखांवर आधी स्टीव्हन्सन यांनी काम केले ते अशा नकलांवरून. पुढे वेस्ट बंधूंनी अधिक काळजीपूर्वक नकला केल्या आणि त्यांवरून रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी या लेखांचे वाचन मांडले. भगवानलाल इंद्रजी हे त्यातले वेगळे उदाहरण. जुनागढला जन्मलेला, इंग्रजी शाळेत न शिकलेला हा माणूस लहानपणी गिरनारच्या शिळेवर लिपी शिकला, मुंबईला भाऊ दाजींकडे कामाला लागला आणि आयुष्यभर लेण्यालेण्यांत स्वतः जाऊन वाचत राहिला. १८८१ मध्ये बर्जेस आणि त्यांनी मिळून पश्चिम भारतातल्या लेण्यांचे लेख प्रसिद्ध केले. त्यांच्यानंतर ब्यूलर आले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात सेनार यांनी नाशिकचे लेख ठशांसह पुन्हा छापले. म्हणजे हा एक लेख निदान पन्नास वर्षे हातोहाती वाचला जात होता. प्रत्येकाने आधीच्याची काही अक्षरे बदलली.

आता त्या ३००० कडे येऊ. आजचा आकडा स्थानावर चालतो: ३ पुढे तीन शून्ये. ब्राह्मीत त्या काळी शून्य नव्हते आणि स्थानमूल्यही नव्हते. दहा, वीस, चाळीस, सत्तर, शंभर, हजार यांना प्रत्येकी वेगळे चिन्ह होते, आणि त्यातली काही चिन्हे अक्षरांसारखीच दिसतात. लेखाच्या आरंभी वर्ष आहे ते चाळीसचे चिन्ह आणि त्यानंतर दोन आडव्या रेघा असे. हे ४२. चिन्हांची ओळख आहे पण पद्धत ठाऊक नाही, असा माणूस ते ४०२ वाचेल आणि मग इतिहासाची तीनशे साठ वर्षे इकडची तिकडे होतील.

हजाराची पद्धत आणखी नाजूक आहे. हजाराच्या चिन्हाला एक जादा रेघ जोडली की २०००, दोन जोडल्या की ३०००. चार हजारांपासून पुढे त्या चिन्हाला चाराचे, आठाचे, सत्तराचे चिन्ह जोडतात. थोडक्यात, दोन हजार आणि तीन हजार यांच्यातला फरक एका लहान रेघेचा. दगडावरचा ओरखडा तो फरक मिटवू शकतो, तिरक्या उजेडाची सावली तो निर्माणही करू शकते.

इथे वाचक फक्त डोळ्यांवर विसंबत नाही. पहिला आधार असा की कोरणाऱ्याने रक्कम शब्दांतही दिली आहे, ‘सहस्रानि त्रीनि’, आणि पुढे आकडा. आजच्या धनादेशावर रक्कम दोनदा लिहितात ती ज्या भीतीने, तीच भीती त्या लेखकालाही होती. दुसरा आधार बेरजेचा: पुढे दोन श्रेणींकडे २००० आणि १००० गेले आहेत, ते मिळून ३००० होतात. तिसरा आधार सर्वांत देखणा आहे. वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा म्हणजे वर्षाला २४० कार्षापण. हे पैसे २००० च्या व्याजातून यायचे आहेत. व्याज शेकडा एक, पण कशाला? वर्षाला धरले तर वीसच कार्षापण होतात, म्हणजे प्रत्येक भिक्षूला एक. महिन्याला धरले तर वीस गुणिले बारा, बरोबर २४०. लेखात ‘महिन्याला’ हा शब्द नाही. तो या गणितातून निघतो. त्याच हिशेबाने उरलेल्या हजारावर शेकडा पाऊण म्हणजे महिन्याला साडेसात आणि वर्षाला ९० कार्षापण येतात.

अशी पडताळणी झाली की २०००, १०००, वीस आणि बारा हे चारही आकडे एकमेकांना धरून ठेवतात. त्यातला एक जरी चुकीचा वाचला गेला असता तरी हिशेब मोडला असता. छायाचित्रावरून थेट अर्थ सांगणाऱ्याजवळ असा कुठलाच काटा नसतो. त्याचे ‘शेकडा एक व्याज’ वाचायला बरोबरच वाटेल, पण वाचणारा ते वार्षिक समजेल आणि विणकरांची श्रेणी मोठी स्वस्तात सुटली असे मानेल. प्रत्यक्षात दर सालाला बारा टक्के होता.

लेखाच्या शेवटी आणखी एक रक्कम आहे: ७०००० कार्षापण, देव आणि ब्राह्मण यांच्यासाठी, ३५ कार्षापणांना एक सुवर्ण या दराने. भागाकार केला की २००० सुवर्ण येतात, आणि सेनार यांचे भाषांतर दोन हजारच सांगते. सोन्याच्या आणि चांदीच्या नाण्यांचा त्या काळचा भाव आपल्याला एवढ्या स्पष्टपणे सांगणारी साधने फार थोडी आहेत. नाणकशास्त्रज्ञ या एका वाक्यावर किती इमले चढवतात हे पाहिले, म्हणजे ३५ हा आकडा नीट वाचला जाणे किती गरजेचे होते ते कळते.

याच शेवटच्या भागात तारखांचा एक गुंता आहे आणि तो घाईच्या भाषांतरात हमखास सुटतो. लेख ४२ व्या वर्षाने सुरू होतो, म्हणून त्याला ४२ चा लेख म्हणून टाकावेसे वाटते. पण ७०००० च्या दानाबद्दल तो सांगतो की हे ४१ व्या वर्षी, कार्तिक शुद्ध पंधरवड्याच्या पंधराव्या दिवशी आधी दिले होते आणि ४५ व्या वर्षी लावून दिले. म्हणजे आज दिसतो तो पूर्ण लेख ४५ च्या आधी कोरला गेलेला असणे शक्य नाही. ४२ हे लेणे दिल्याचे वर्ष आहे. तो लेखाचा काळ नव्हे. शेवटच्या ओळी पुसट आहेत म्हणून ज्याने फक्त वरचा भाग फोटोत घेतला, त्याच्या हाती हा मुद्दा येणारच नाही. आणि खालच्या ओळी बहुतेक वेळा फोटोतून वगळल्याच जातात, कारण तिथे उभे राहायला जागा नसते किंवा उजेड कमी असतो.

मग हे ४२ वे वर्ष इसवी सनाचे कुठले? इथे तर अनुवादकाने एका पावलाचीही घाई करू नये. लेखात कालगणनेचे नाव नाही, फक्त ‘वसे’ म्हणजे वर्षी. हा शक असेल तर ४२ अधिक ७८, इसवी सन १२०. पुष्कळ जुन्या ग्रंथांत हेच आढळते. दुसरा पक्ष म्हणतो की ही नहपानाची स्वतःची राज्यवर्षे आहेत आणि तो इसवी सनाच्या पहिल्याच शतकात होऊन गेला. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांवर साठा सापडला. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या छापावर गौतमीपुत्र सातकर्णीचा छाप पुन्हा मारलेला आहे. त्यामुळे नहपानाच्या सत्तेचा शेवट गौतमीपुत्राच्या हातून झाला एवढे पक्के झाले. वर्षांचा वाद त्यानंतरही राहिला. भाषांतरात कंसात ‘इ. स. १२०’ असे टाकणारा माणूस वाचकाला न सांगता या वादाचा निकाल लावून मोकळा होतो.

तज्ज्ञ म्हणजे शंका न येणारा माणूस, अशी एक समजूत आहे. ‘एपिग्राफिया इंडिका’चे कुठलेही पान उघडले तर उलटेच दिसते. पाने कंसांनी भरलेली असतात. झिजलेले किंवा शंकास्पद अक्षर चौकोनी कंसात जाते. कोरणाऱ्याची चूक संपादकाने दुरुस्त केली तर मूळ अक्षर तसेच ठेवून दुरुस्ती गोल कंसात देतात. गळालेले अक्षर आपल्या पदरचे घातले तर त्यावर तारांकन येते. वाचणाऱ्याला हे त्रासाचे वाटते, पण यामुळेच पुढचा माणूस नेमक्या त्या अक्षराशी जाऊन भांडू शकतो. ‘कुशणमूल’ या शब्दाचा अर्थ अजून निर्विवाद लागलेला नाही. मजकूर जसाच्या तसा छापला गेला आहे म्हणून तो वाद जिवंत आहे. एखाद्याने सुरुवातीलाच ‘किरकोळ खर्च’ असे लिहून मूळ शब्द गाळला असता तर वाद मिटला असता, पण अर्थ कळला नसता.

शब्द तोडणे हेही वाचनाचेच काम आहे. या लेखांत दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हे नसतात, ओळ शब्दाच्या मध्येच संपते. ‘नारळाची आठ हजार झाडे’ या एका वाक्याभोवती गावाचे नाव, आहाराचे नाव आणि दानाचे क्रियापद सलग लागून आहे. गावाचे नाव कुठे संपते हे ठरवायला इतर लेखांतली गावांची नावे ठाऊक असावी लागतात. ‘पद्र’ हा ग्रामनामांत येणारा शेवट आहे हे माहीत असलेला माणूस चिखलपद्र बरोबर उचलतो. माहीत नसलेला त्यात चिखल शोधत बसतो.

‘आम्हाला ब्राह्मीशी काय करायचे? आमच्या गावचा लेख देवनागरीत आहे आणि मराठीत आहे’ असेही ऐकू येते. त्यासाठी श्रवणबेळगोळ पुरेसे आहे. गोमटेश्वराच्या पायाशी असलेल्या दोन मराठी ओळी शाळेपासून सर्वांना ठाऊक आहेत: एक चावुंडरायाने मूर्ती करविली असे सांगणारी, दुसरी गंगराजाने भोवतीचे आवार करविले असे सांगणारी. छायाचित्र एकच, ओळी लागोपाठ, लिपी नागरी, म्हणून दोन्ही मिळून इसवी सन ९८३ च्या असे सर्रास छापले जाते. चावुंडराय दहाव्या शतकातला. गंगराज मात्र होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती, म्हणजे बाराव्या शतकातला. दुसरी ओळ ९८३ ची असूच शकत नाही. आणि दोन्ही ओळींचे वळण एकाच हातचे असेल तर पहिलीही त्या वेळी कोरली गेली असण्याचा प्रश्न उभा राहतो. या ओळी वाचायला कुणालाच अडचण येत नाही. अक्षरांचे वय मात्र वळणावरून ओळखावे लागते आणि ते ज्याने शेकडो लेख पाहिले त्यालाच जमते.

अनुवादकाला यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. पक्का मजकूर हाती आल्यावर त्याच्यापुढचे काम काही सोपे नसते. ‘अक्षयनीवी’ला ‘कायम ठेव’ म्हणायचे की मूळ शब्द ठेवून स्पष्टीकरण द्यायचे, श्रेणी म्हणजे आजची सहकारी संस्था असा आभास होऊ द्यायचा की नाही, हे निर्णय त्याचे आहेत आणि पुराभिलेखज्ञाला ते नेहमीच चांगले घेता येतात असे नाही. वासुदेव विष्णु मिराशींसारखा माणूस सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांचे लेख स्वतः वाचून मराठीत त्यांचा इतिहासही लिहितो, पण असे दोन्ही हातांनी काम करणारे विरळा. बाकीच्यांनी दोन माणसांनी मिळून काम करावे आणि छापताना दोघांची नावे द्यावीत. ज्या भाषांतराखाली मूळ वाचन छापलेले नाही ते उद्धृत करू नये, असे प्रस्तुत वक्त्याचे स्पष्ट मत आहे. मग ते कितीही रसाळ असो.

सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकजण सुटीच्या दिवशी गडकोट आणि लेणी पाहायला जातात. त्यांना एवढीच विनंती आहे. कोरीव लेख दिसला तर त्यात खडू, रंग, तेल किंवा शेंदूर भरू नका आणि तारेच्या ब्रशने घासू नका. फ्लॅश बंद ठेवा. सकाळी किंवा संध्याकाळी, उजेड तिरका असताना छायाचित्रे घ्या. ते जमत नसेल तर सोबत्याला विजेरी बाजूने धरायला सांगा, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून. एक छायाचित्र पूर्ण दगडाचे घ्या, बाकीची ओळीओळीची. शेजारी पट्टी ठेवा आणि खालच्या पुसट ओळी वगळू नका. दगड कुठे आहे आणि कुठल्या दिशेला तोंड करून आहे, ते लिहून ठेवा. मग ही छायाचित्रे अर्थ विचारायला नव्हे, तर वाचनासाठी पाठवा: पुण्यात डेक्कन कॉलेज आणि भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, संस्कृत आणि द्राविडी भाषांतल्या लेखांसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पुराभिलेख शाखा म्हैसूरला आहे, आणि अरबी-फारसी लेखांसाठी नागपूरला. उत्तर यायला वेळ लागेल, आणि आले तरी त्यात चौकोनी कंस असतील. ते कंस काढून न टाकता तसेच छापा.